पीडीएफ बिलांतील रकमांचे संकलन व पडताळणी

पुरवठादारांकडून आलेल्या पीडीएफ बिलांतील करपात्र रक्कम, कर आणि एकूण रक्कम एका तक्त्यात उतरवून तपासण्याची हिशेबी पद्धत. येथे महाराष्ट्रातील जीएसटी बिले डोळ्यांसमोर ठेवली आहेत.

संगणकातून थेट निघालेल्या पीडीएफमधला आकडा माउसने निवडता येतो. अशी बिले एक्सेलच्या पॉवर क्वेरीतून फोल्डरच्या फोल्डर उचलता येतात. मात्र प्रत्येकाच्या बिलाची मांडणी निराळी असल्याने पुरवठादारवार फोल्डर ठेवणे सोयीचे. स्कॅन केलेले बिल म्हणजे नुसते चित्र. त्यातले आकडे ओसीआरने ओळखावे लागतात आणि ८ चा ३ होतो तो तिथेच.

पडताळणीचे पहिले साधन बिलातच असते. करपात्र रक्कम ४८,३५०, सीजीएसटी आणि एसजीएसटी प्रत्येकी ४,३५१.५० असेल, तर एकूण ५७,०५३ व्हायलाच हवेत. ओसीआरने ४८,३५० चे ४३,३५० केले, तर बेरीज ५२,०५३ येते आणि ५,००० चा फरक उघडा पडतो. D ते H या स्तंभांत करपात्र रक्कम, तिन्ही कर व राउंड ऑफ आणि I मध्ये एकूण रक्कम असल्यास सूत्र असे:

```
=IF(ABS(D2+E2+F2+G2+H2-I2)<0.01,"ठीक","तपासा")
```

म्हणून बिलावरची एकूण रक्कम तेवढी उतरवणे ही खोटी काटकसर आहे. घटक सोबत नसतील तर ती ताडून पाहायला काहीच उरत नाही.

सर्व ओळी ‘ठीक’ असूनही स्तंभाची बेरीज चुकू शकते. पीडीएफमधून आलेला आकडा कधी मजकूर म्हणून साठतो. + चिन्ह अशा मजकुराचा आकडा करून घेते, SUM मात्र तो मुकाट्याने वगळते. =COUNT(I2:I200) आणि =COUNTA(I2:I200) यांची उत्तरे वेगळी आली, तर असे मजकूर झालेले आकडे स्तंभात आहेत असे समजावे.

दुप्पट नोंद ही याहून फसवी चूक. मालाच्या बिलाच्या तीन प्रती काढायच्या असतात: मूळ ग्राहकाला, दुसरी वाहतूकदाराला, तिसरी पुरवठादाराकडे. तिन्ही एकाच पीडीएफमध्ये आल्या, की एकच रक्कम तीनदा उतरते आणि प्रत्येक ओळ आपापल्या जागी बरोबरच असते. त्यामुळे पुरवठादाराचा जीएसटी क्रमांक, बिल क्रमांक आणि आर्थिक वर्ष जोडून खूण तयार करावी व ती पुन्हा आलेली ओळ शोधावी. एखादे बिल मुळात उतरलेच नसेल, तर ते मात्र यातून कळत नाही.

त्यासाठी तक्ता पुढील महिन्याच्या १४ तारखेला तयार होणाऱ्या जीएसटीआर-२बीशी बिलवार लावतात. त्यातले आकडे पुरवठादाराने स्वतः भरलेले असल्याने पीडीएफ वाचतानाची चूक तिथे उतरत नाही. नोंदणी नसलेल्या पुरवठादारांची बिले त्यात येत नाहीत. ती मूळ बिल समोर ठेवून एकेक तपासावी लागतात.