बातमीची रोजनिशी होते तेव्हा

लंडनमध्ये 1665 साली प्लेग पसरला, तेव्हा दर गुरुवारी एक छापील पत्रक निघायचं. मंगळवार ते मंगळवार शहरात किती माणसं गेली आणि कशानं गेली, याचा पॅरिशवार हिशेब त्यात असे. आकडे पॅरिशचे कारकून पाठवायचे. मरणाचं कारण प्रेत पाहून सांगायचं काम गरीब म्हाताऱ्या बायकांकडे होतं. बातमी म्हणावी तर ती एवढीच होती: नाव नाही, आवाज नाही, नुसते रकाने.

हे रकाने कल्पित रोजनिशीत कसे येतात हे पाहण्याआधी, ते सॅम्युअल पीप्स या लंडनकराच्या खऱ्याखुऱ्या रोजनिशीत कसे उतरले, ते पाहू. गुरुवार, 7 सप्टेंबर 1665. पीप्स पहाटे पाचला उठला. हिवताप भरेल या धास्तीनं अंगावर ऊबदार कपडे गुंडाळले, नावेनं टॉवरपाशी गेला आणि तिथं पत्रक मागवलं. एकूण मृत्यू 8,252, त्यांतले प्लेगचे 6,878, अशी नोंद त्यानं केली. छापील पत्रकात मात्र प्लेगचा आकडा 6,988 आहे. खऱ्या रोजनिशीत आकडा असाच येतो. तो कुठल्या वेळी, कुठल्या जागी कळला हे पक्कं असतं, पण आकडा थोडा चुकलेला असू शकतो.

सत्तावन्न वर्षांनी, 1722 मध्ये, डॅनिअल डीफोनं याच पत्रकांवरून ‘अ जर्नल ऑफ द प्लेग इयर’ लिहिलं. मार्सेयला 1720 मध्ये प्लेग आला होता आणि लंडन पुन्हा धास्तावलं होतं. साथीच्या वेळी डीफो स्वतः जेमतेम पाच वर्षांचा होता. पीप्सची रोजनिशी छापली गेली ती थेट 1825 मध्ये, म्हणजे ती त्याच्या हाती लागणं शक्यच नव्हतं. त्याच्यापुढे होती ती साप्ताहिक पत्रकं, डॉक्टर हॉजेसचं प्लेगवरचं पुस्तक आणि जुने सरकारी हुकूम. हातोटी मात्र जुनी होती: 1703 च्या वादळानंतर त्यानं जाहिरात देऊन लोकांच्या हकिगती मागवल्या होत्या आणि त्यांचं पुस्तक केलं होतं.

डीफोनं मोठी कल्पना एकच केली, ती म्हणजे ‘मी’ची. ऑल्डगेटजवळ राहणारा, खोगिरांचा धंदा करणारा, एच. एफ. अशी सही करणारा गृहस्थ. डीफोचा हेन्री फो नावाचा काका खरोखर खोगीरवाला होता. माणूस निवडण्यातच निम्मं काम झालं, असं मला वाटतं. एच. एफ. पत्रकं वाचणारा आहे, रस्त्यावर हिंडणारा आहे आणि धंद्यासाठी शहरात थांबणारा आहे. बातमीतली एखादी गोष्ट त्याला कळली, तर ती कशी कळली हे सांगता येतं.

ऑल्डगेटच्या प्रेतं पुरायच्या खड्ड्याचंच पाहा. चाळीसेक फूट लांब, पंधरा-सोळा फूट रुंद, 6 ते 20 सप्टेंबर या दोन आठवड्यांत 1,114 प्रेतं. ही झाली बातमी. एच. एफ. पंधरवडाभर काठावर उभा राहून प्रेतं मोजणार नाही. तसं लिहिलं असतं, तर वाचक तिथंच थबकला असता. डीफो त्याला एकदा रात्री पाठवतो. प्रेतं पुरणारा ओळखीचा आहे, तो नको म्हणता म्हणता आत सोडतो. एच. एफ. पाहतो ती एका रात्रीची गाडी. एकूण आकडा वेगळा, पॅरिशची माहिती म्हणून येतो. डोळ्यांनी पाहिलेलं आणि कानांनी ऐकलेलं यांची सरमिसळ होत नाही. बातमीची रोजनिशी फसते ती बहुधा याच जागी: लिहिणाऱ्याच्या ‘मी’ला सगळंच दिसतं, किंवा सोमवारच्या नोंदीत गुरुवारचा आकडा येतो.

आकड्यावर शंका घ्यायची असली तरी आकडा बदलावा लागत नाही. एच. एफ. शेजारच्या रकान्याकडे बोट दाखवतो: प्लेगचे मृत्यू थोडे, पण ताप आणि इतर दुखणी एकाएकी वाढलेली. घरात प्लेग निघाला की दारावर तांबडा क्रॉस आणि आतल्या सगळ्यांना कोंडून ठेवणं ठरलेलं, म्हणून लोक प्रेत तपासणाऱ्या बायकांना वश करून दुसरं कारण लिहून घेत. पत्रकातला प्रत्येक आकडा जिथल्या तिथं राहतो, फक्त त्याचा अर्थ वाचणारा माणूस भेटतो.

हे पुस्तक इतिहास की कादंबरी, हा वाद पुढं दोनशे वर्षं चालला. वॉटसन निकल्सननं 1919 मध्ये एकेक तपशील मूळ कागदांशी ताडून पाहिला आणि हा इतिहासच आहे असा निकाल दिला. मला तो निकाल पूर्ण पटत नाही. थेम्सकाठी एच. एफ.ला जहाजांना शिधा पोचवणारा एक नावाडी भेटतो. घरात बायको आणि एक मूल आजारी. हा आपली कमाई एका दगडावर ठेवून लांब उभा राहतो आणि बायकोला हाक मारतो. नदीत नांगरून राहिलेली जहाजं आणि त्यांना शिधा पोचवणारे नावाडी खरे होते. पण या एका नावाड्याचं बोलणं कुठल्याही रकान्यात सापडणार नाही. ते डीफोचं आहे, आणि बातमी तिथं संपते.