दोन फाशांची बेरीज ७ सर्वात जास्त वेळा का येते?

दोन फासे टाकले की बेरीज २ ते १२ पैकी काहीही येऊ शकते. म्हणजे ११ शक्यता, मग प्रत्येकीची संभाव्यता १/११ का? इथेच अनेकजण चुकतात. पहिल्या फाशाचे ६ आकडे, दुसऱ्याचे ६, म्हणून एकूण ६ × ६ = ३६ जोड्या होतात. त्यात (३,४) आणि (४,३) वेगळ्या मोजायच्या. दहावीच्या पुस्तकातला ‘नमुना अवकाश’ तो हाच.

| बेरीज | अनुकूल जोड्या | प्रत्येकीची संभाव्यता |
|---|---|---|
| २ किंवा १२ | १ | १/३६ |
| ३ किंवा ११ | २ | २/३६ = १/१८ |
| ४ किंवा १० | ३ | ३/३६ = १/१२ |
| ५ किंवा ९ | ४ | ४/३६ = १/९ |
| ६ किंवा ८ | ५ | ५/३६ |
| ७ | ६ | ६/३६ = १/६ |

सगळ्या ११ बेरजांच्या जोड्या मिळून ३६ भरल्या, तर तक्ता बरोबर.

समजा, सातारा-सांगलीकडच्या एखाद्या यात्रेत ‘सातच्या वर की खाली’ असा डाव मांडलाय. वर १५ जोड्या, खालीही १५. पण ७ आला की दोन्हीकडचे पैसे डाववाल्याचे. दर वेळी १० रुपये लावले आणि जिंकल्यावर १० रुपयेच फायदा असेल, तर ३६ डावांत सरासरी १५ वेळा जिंकाल, २१ वेळा हराल. मिळाले १५०, गेले २१०. फासे अगदी खरे असले, तरी ६० रुपयांचा तोटा!