वेटेड स्कोरिंग: प्रस्ताव तीन, पैसे एकाचेच, निवड कशी करायची आणि ती पटवून कशी द्यायची?

एका गावाचं उदाहरण घेऊ. ग्रामनिधीत १२ लाख रुपये आहेत आणि कामाचे प्रस्ताव चार आले आहेत. गावापासून लांब असलेल्या वस्तीवर पाण्याची पाइपलाइन, शाळेच्या गळक्या वर्गखोल्यांची दुरुस्ती, गावभर सौर पथदिवे आणि तरुणांसाठी व्यायामशाळा. पैसे एकाच कामाला पुरतील. ग्रामसभेत ज्याचा आवाज मोठा त्याचं काम मंजूर, असं होऊ नये म्हणून कुणीतरी सुचवतं, "प्रत्येक कामाला मार्क देऊया."

या मार्क देण्यालाच व्यवस्थापनाच्या भाषेत वेटेड स्कोरिंग मॉडेल म्हणतात. कंपन्या, महापालिका, अनुदान देणाऱ्या संस्था असे सगळेच ते वापरतात. त्यातलं गणित शाळकरी आहे. वाद होतो तो निकष कोणते आणि कोणत्या निकषाला किती वजन, यावर. निर्णय टिकतो की कोसळतो, हेही तिथेच ठरतं.

आधी चाळणी, मग गुण

गुण देण्याआधी एक चाळणी लावावी लागते. काही अटी अशा असतात की त्या पूर्ण झाल्या नाहीत तर बाकी सगळं कितीही चांगलं असून उपयोग नाही. आपल्या उदाहरणात व्यायामशाळेची जागा गायरानातली आहे आणि तिची परवानगी मिळालेली नाही. म्हणजे काम सुरूच होऊ शकत नाही. हा प्रस्ताव इथेच थांबतो.

"परवानगी" हा इतर निकषांसारखाच एक निकष ठेवून व्यायामशाळेला त्यात १ गुण दिला असता, तर बाकीच्या चांगल्या गुणांनी ती उणीव भरून निघाली असती. बेरजेचा हा स्वभावच आहे. एका बाजूची कमतरता दुसऱ्या बाजूची जास्ती झाकून टाकते. म्हणून ज्या कमतरतेची भरपाई होऊच शकत नाही, ती गुणांत नको, चाळणीत हवी.

निकष आणि मोजपट्टी

उरलेल्या तीन प्रस्तावांसाठी चार निकष ठरले: गरजेची तीव्रता, लाभ मिळणारी घरं, खर्च आणि देखभालीची सोय. प्रत्येकात १ ते ५ गुण.

आता "तीव्रतेला ४ गुण" म्हणजे नक्की काय, हे आधी लिहून ठेवलं नाही तर प्रत्येकजण आपल्या मनाने गुण देतो. म्हणून मोजपट्टी लागते. या गावाने ठरवलं की आरोग्याला किंवा जिवाला धोका आहे आणि दुसरा पर्याय नाही, तर ५. धोका आहे पण तात्पुरती सोय होऊ शकते, तर ४. नुसती गैरसोय असेल तर २. घरांसाठी ५० ते ९९ घरांना २ गुण, १०० ते १४९ घरांना ३ आणि २५० किंवा त्याहून जास्त घरांना ५. खर्चात १२ लाखांना १ गुण आणि त्याखाली प्रत्येक लाखाला एक गुण जास्त. देखभालीत जितकी कटकट कमी तितके गुण जास्त.

पाइपलाइनचा फायदा ६० घरांना, खर्च ११ लाख. शाळेचा फायदा ११० घरांना, खर्च १० लाख. पाऊस आला की मुलं समाजमंदिरात बसतात, म्हणजे तात्पुरती सोय आहे. पथदिव्यांचा फायदा ३०० घरांना, खर्च ९ लाख; पण काही वर्षांनी बॅटऱ्या बदलाव्या लागतील. त्यावरून हा तक्ता तयार झाला.

| निकष | पाइपलाइन | शाळा | पथदिवे |
|---|---|---|---|
| तीव्रता | ५ | ४ | २ |
| घरं | २ | ३ | ५ |
| खर्च | २ | ३ | ४ |
| देखभाल | ३ | ४ | २ |

वजन बदललं, निकाल बदलला

आता प्रत्येक निकषाला वजन द्यायचं. सगळ्यांची बेरीज १००. गुण गुणिले वजन, सगळ्यांची बेरीज, भागिले १००.

समजा काही सदस्य म्हणाले, जास्त लोकांचा फायदा महत्त्वाचा. म्हणून तीव्रतेला ३०, घरांना ४०, खर्चाला २० आणि देखभालीला १०. पथदिव्यांचा हिशोब असा होतो: तीव्रतेचे २ गुणिले ३० म्हणजे ६०, घरांचे ५ गुणिले ४० म्हणजे २००, खर्चाचे ४ गुणिले २० म्हणजे ८० आणि देखभालीचे २ गुणिले १० म्हणजे २०. बेरीज ३६०, म्हणजेच ३.६. शाळेला ३.४ आणि पाइपलाइनला ३.०. पथदिवे जिंकले.

दुसरा गट म्हणाला, आधी गरज बघा. तीव्रतेला ४०, घरांना ३०, बाकी तेच. आता शाळेला ३.५, पथदिव्यांना ३.३ आणि पाइपलाइनलाही ३.३. शाळा जिंकली.

कामं तीच, गुणही तेच. फक्त दहा टक्के वजन इकडून तिकडे गेलं आणि निकाल फिरला. म्हणूनच गुण दिल्यानंतर वजनं ठरवली तर ती पद्धत उरत नाही. हवा तो निकाल आणण्याचं साधन होते. कुठल्या वजनाने कोण जिंकतं हे समोर दिसत असताना वजनं ठरवणारा माणूस, कितीही प्रामाणिक असला, तरी त्याच्यावर विश्वास बसत नाही. आधी वजनं ठरवून, लिहून, सगळ्यांसमोर वाचून दाखवायची. गुण त्यानंतर. गुणही दोन-तीन जणांनी स्वतंत्रपणे द्यायचे आणि जिथे फरक दोन गुणांचा किंवा जास्त आला, तिथेच चर्चा करायची. बहुतेक वेळा एकाने मोजपट्टी वेगळी वाचलेली असते किंवा एकाला अशी माहिती असते जी दुसऱ्याला नसते.

वजन ठरवताना होणाऱ्या दोन चुका

पहिली चूक म्हणजे एकच गोष्ट दोनदा मोजणं. "लाभ मिळणारी घरं" हा निकष असताना कुणी "सार्वजनिक उपयोग" असा आणखी एक निकष घातला, तर ते वेगळं काही मोजत नाही. पथदिव्यांना दोन्हीकडे गुण मिळतात आणि घरांचं वजन गुपचूप वाढतं. ओळखायची खूण सोपी आहे. दोन निकषांत सगळ्या प्रस्तावांचा क्रम सारखाच येत असेल, तर ते दोन आहेत की एकच, हे विचारायला हवं. आपल्या तक्त्यात घरं आणि खर्च यांचा क्रम सारखा आहे, पण तिथे मोजलेल्या गोष्टी खरोखर वेगळ्या आहेत, म्हणून दोन्ही ठेवता येतात.

दुसरी चूक जास्त फसवी आहे. "खर्च तर महत्त्वाचा असतोच" म्हणून त्याला भरपूर वजन दिलं जातं. पण इथे सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात महाग कामात फरक फक्त २ लाखांचा आहे. वजन देताना "खर्च किती महत्त्वाचा?" हा प्रश्न चुकीचा. योग्य प्रश्न असा: ११ लाखांऐवजी ९ लाखांत काम होणं आणि ६० घरांऐवजी ३०० घरांना फायदा होणं, यातलं आपल्याला जास्त मोलाचं काय? प्रत्येक निकषातला सगळ्यात वाईट ते सगळ्यात चांगला हा प्रत्यक्ष पल्ला डोळ्यांसमोर ठेवून वजनं द्यावी लागतात.

वजनांमागे धोरण असतं

याचं मोठं उदाहरण म्हणजे केंद्राचं स्मार्ट सिटी मिशन. २०१५ मध्ये राज्यांनी आपली शहरं निवडण्यासाठी जो पहिला टप्पा होता, त्यात १०० पैकी २५ गुण सध्याच्या सेवांना, १५ संस्थात्मक क्षमतेला, ३० स्वतःच्या उत्पन्नाला आणि ३० आधीच्या कामगिरी व सुधारणांना होते. म्हणजे ६० गुण पैशाच्या बाजूला आणि पूर्वीच्या कामाला. ज्या शहराचा कारभार आधीच बरा, ते पुढे जाणार हे उघड होतं. "सर्वात गरजू शहरं आधी" हा हेतू असता, तर ही वजनं चुकीची ठरली असती. पण मिशनचा जाहीर हेतू होता की इतर शहरांना बघून शिकता येईल असे नमुने उभे करायचे. त्या हेतूशी ही वजनं जुळतात. हेतू पटतो की नाही, हा वाद करता येतो, पण निदान वाद कशावर आहे हे कळतं.

"हेच वजन का?" याला उत्तर

वजनाचा एकच बरोबर आकडा नसतो. ४० च का, ४५ का नाही, याला पुराव्याने उत्तर देता येत नाही. देता येतं ते वेगळं उत्तर: आकडा थोडा हलला तर निकाल हलतो का?

खर्च आणि देखभालीची वजनं तशीच ठेवून, तीव्रता आणि घरं यांच्या वाट्याचे ७० गुण वेगवेगळ्या प्रकारे वाटून पाहिले तर चित्र स्पष्ट होतं. तीव्रतेला ३५ पेक्षा कमी दिले तर पथदिवे जिंकतात. ३५ ते ५० च्या दरम्यान शाळा. ५० च्या वर पाइपलाइन. बरोबर ३५ ला आणि बरोबर ५० ला बरोबरी होते.

आता ग्रामसभेत कुणी विचारलं, "४० च का?" तर सांगता येतं की ३८ घ्या, ४५ घ्या, निकाल तोच. आणि ज्याला पथदिवे हवेत त्याला सांगावं लागेल की गळक्या वर्गापेक्षा अंधाराची गैरसोय दूर करणं का महत्त्वाचं. वाद आकड्यांवरून उठून मूळ प्रश्नावर येतो.

वस्तीवरच्या लोकांचा आक्षेप मात्र वेगळा आहे आणि तो खरा आहे. "घरांची संख्या" हा निकष असला की ६० घरांची वस्ती दर वेळी मागे पडणार. या वर्षी शाळा, पुढच्या वर्षी दुसरं काहीतरी. यावर तीव्रतेचं वजन ५१ करणं हा उपाय नाही, कारण पुढच्या वर्षी प्रस्ताव बदलले की तो आकडाही निरुपयोगी ठरेल. उपाय चाळणीत आहे. जल जीवन मिशनमध्ये माणशी रोज ५५ लिटर पाणी हे प्रमाण धरलेलं आहे. ग्रामसभा असा नियम करू शकते की एखाद्या वस्तीला इतकं पाणी मिळत नसेल, तर ते काम गुणांच्या स्पर्धेत उतरवायचंच नाही, आधी करायचं. मग वस्तीवर माणशी किती लिटर पोचतं, हे मोजून बघावं लागेल. ५५ पेक्षा कमी भरलं, तर १२ लाखांतले ११ लाख पाइपलाइनला जातील आणि शाळा व पथदिवे पुढच्या वर्षीच्या तक्त्यात असतील.