ओझे आणि वाळू : कामठीच्या दगडाची दुसरी बाजू

खानदेशात घर बांधायला काढले की सिमेंटच्या आधी वाळूची चौकशी होते. धरणगाव तालुक्याच्या एका अंगाला तापी आणि दुसऱ्या अंगाला गिरणा असूनही वाळू महागच पडते. वाळूगटांचे लिलाव, रात्रीची ट्रॅक्टरे, महसूल खात्याच्या धाडी या बातम्या आपल्या अंगवळणी पडल्या आहेत. आपला प्रदेश काळ्या पाषाणाचा. हा पाषाण झिजला की त्याची बहुतांशी काळी माती होते, वाळू त्या मानाने थोडी. त्यात नदीवर धरणे झाली की वरून येणारा गाळ-वाळू जलाशयातच थांबते. म्हणून पात्रातून उपसलेली वाळू लवकर भरून येत नाही.

वाळूच्या या प्रश्नाचा माग काढताना मी पोहोचलो तो नागपूरच्या कोळसा खाणींपाशी. तिथे वाळू नदीतून नव्हे, खाणीच्या टाकाऊ ढिगाऱ्यातून काढली जाते. आपण 'वाळू' म्हणतो तिला तिकडे 'रेती' म्हणतात, एवढाच फरक. या ढिगाऱ्यांशी आपला संबंधही आहे. दीपनगरच्या औष्णिक केंद्रात जळणारा विदर्भाचा कोळसा इकडे येतो, पण तो काढण्यासाठी उकरलेले दगडमातीचे ओझे तिकडेच पडून राहते.

हिस्लॉपपासून ओबीपर्यंत

नागपूरच्या भूगर्भाचा पहिला नीट अभ्यास केला तो स्टीफन हिस्लॉप या स्कॉटिश मिशनऱ्याने. १८४५ साली तो नागपुरास आला. सहकारी रॉबर्ट हंटर याच्याबरोबर त्याने परिसरातील खडक आणि जीवाश्म यांची नोंद केली. १८६३ साली नदी ओलांडताना तो बुडून मरण पावला. नागपूरचे हिस्लॉप कॉलेज त्याच्याच नावाचे. कामठीजवळच्या ज्या वालुकाश्माकडे त्याचे लक्ष गेले होते, त्या थराला पुढे भूशास्त्रज्ञांनी 'कामठी' हेच नाव दिले.

हा थर आपल्या विषयाच्या मुळाशी आहे. सुमारे पंचवीस कोटी वर्षांपूर्वी मोठ्या नद्यांनी आणून टाकलेली ही वाळू. कालांतराने तिचा दगड झाला, पण अनेक ठिकाणी तो फार घट्ट झाला नाही. हाताने चोळला तरी त्याचे कण सुटतात. कोळशाचे थर आहेत याच्या खाली, बराकर नावाच्या त्याहून जुन्या थरात. म्हणजे कोळशापर्यंत पोहोचायचे तर ही पुरातन नदी आधी उचलावी लागते.

जुन्या खाणी भूमिगत होत्या. बोगदा खणून कोळसा काढायचा आणि वरची जमीन खचू नये म्हणून पोकळीत पाण्याबरोबर वाळू भरायची. १९३९ साली कोळसा खाणींतील भरणीसाठी स्वतंत्र कायदा झाला. ही वाळू नदीतून येई, आणि नागपूरच्या खाणींना कन्हान नदी जवळ होती.

१९७३ साली कोळसा खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले आणि १९७५ साली नागपूर हे मुख्यालय असलेली वेस्टर्न कोलफिल्ड्स, म्हणजे वेकोलि, अस्तित्वात आली. पुढे भर उघड्या खाणींवर आला. उघड्या खाणीत कोळशावरचे सगळेच काढावे लागते. यालाच खाणीच्या भाषेत 'ओव्हरबर्डन' किंवा नुसते 'ओबी' म्हणतात. या भागात एक टन कोळशामागे चार-पाच घनमीटर, काही खाणींत त्याहूनही अधिक ओबी निघते. फोडलेला दगड पुन्हा पहिल्याइतक्या जागेत मावत नाही. फुगून तो चौथाई ते तिसरा हिस्सा जास्त जागा घेतो. म्हणून खड्डा परत भरला तरी ढीग उरतो. नागपूर, चंद्रपूर, वणी परिसरातील सपाट शेतांमध्ये उभे राहिलेले 'डोंगर' असे तयार झाले आहेत.

ढीग का घसरतो

ढीग स्थिर वाटतो, पण तो ज्यावर उभा असतो त्याकडे आधी पाहावे लागते. विदर्भाच्या या पट्ट्यात वरची माती काळी, भेगाळ, आपल्या शेतातल्यासारखीच. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसात ती फुगून साबणासारखी होते. खाण उघडताना सर्वांत वरची म्हणून हीच माती आधी निघते आणि निष्काळजीपणा झाला तर सर्वांत आधी टाकली जाते. मग तिच्यावर साठ-सत्तर मीटर दगड चढतो. पाणी तळाशी पोहोचले की वरचे सगळे वजन निसरड्या थरावर येते. ढिगाच्या अंगात ताकद असूनही तो पायातून सरकतो.

चंद्रपूर जिल्ह्यातील राजुरा तालुक्यात सास्ती येथे जून २००९ मध्ये ओबीचा ढिगारा असाच घसरला आणि माणसे गाडली गेली. झारखंडमधील राजमहल खाणीत २९ डिसेंबर २०१६ रोजी झालेल्या दुर्घटनेत २३ जण गेले. ढिगाऱ्याचा धोका खाणीच्या कुंपणाआत थांबतो असेही नाही. वेल्समधील ॲबरफॅन गावी २१ ऑक्टोबर १९६६ रोजी कोळसा खाणीचा सातवा ढीग शाळेवर आला. १४४ मृतांपैकी ११६ मुले होती. तो ढीग एका झऱ्यावर रचला होता आणि गावकऱ्यांनी त्याबद्दल आधी लेखी तक्रारीही केल्या होत्या.

ढीग घसरण्यापूर्वी बहुधा सांगतो. माथ्यावर कडेला समांतर भेगा दिसतात आणि त्या दिवसागणिक रुंदावतात. पायथ्याची जमीन फुगून वर येते. पायथ्यातून पाणी झिरपू लागते. वरचे खांब किंवा झाडे एका बाजूला कलतात. आपल्याकडच्या खाण नियमांनी उतार साडेसदतीस अंशांपेक्षा जास्त असू नये आणि उंच ढीग तीस मीटरच्या टप्प्यांत पायऱ्यांसारखा रचावा असे सांगितले आहे. पण नुसता उतार मोजून भागत नाही. तळची काळी माती आधी काढणे आणि पाण्याला वाट देणे, या दोन गोष्टी राहिल्या तर नियमातला उतारही उपयोगी पडत नाही.

ढिगातून वाळू

नागपूर जिल्ह्यातील भानेगाव येथे वेकोलिने आपल्याच यंत्रांत फेरफार करून ओबीपासून वाळू काढण्याचा प्रयोग केला. दिवसाला सुमारे ३०० घनमीटर वाळू निघे. ती नागपूर सुधार प्रन्यासाला प्रधानमंत्री आवास योजनेतील घरांसाठी नाममात्र दराने दिली गेली. त्यानंतर गोंडेगाव येथे दिवसाला २५०० घनमीटर क्षमतेचा मोठा प्रकल्प उभा राहिला. तिथली वाळू महामार्ग प्राधिकरण, महानिर्मिती आणि मॉयल यांच्याकडे जाऊ लागली. मॉयलच्या भूमिगत मँगनीज खाणींना भरणीसाठी वाळू लागतेच. ज्या खाणी एकेकाळी नदीकडे वाळू मागत, त्यांना आता शेजारच्या खाणीचे ओझे वाळू पुरवते. इतिहासाचा हा उलटा फेरा मला विशेष वाटतो.

काम कसे चालते ते पाहू. वालुकाश्माचा ओबी वेगळा उचलावा लागतो. काळी माती आणि शेल त्यात मिसळले की पुढचे सगळे बिघडते. दगड फोडून चाळणीवर टाकतात आणि पावणेपाच मिलिमीटरपेक्षा जाड कण पुन्हा फोडायला जातात. खाली पडलेल्या कणांवर जोरात पाणी मारून त्यांना चिकटलेली माती सोडवतात. गढूळ पाण्याबरोबर बारीक गाळ निघून जातो आणि वाळू निथळून ढिगाला लागते. सारे कौशल्य या धुण्यात आहे. गाळ राहिला तर सिमेंट कणाला न चिकटता मातीला चिकटते, मिश्रण जास्त पाणी मागते आणि प्लास्टरला बारीक चिरा जातात.

गवंड्यालाही याची परीक्षा घेता येते. काचेच्या सरळ बाटलीत निम्मी वाळू आणि वर चिमूटभर मीठ घातलेले पाणी घ्यावे, खूप हलवावे आणि तीन तास ठेवावे. वाळू खाली बसते आणि तिच्यावर गाळाचा वेगळा थर दिसतो. हा थर वाळूच्या उंचीच्या आठ टक्क्यांहून जाड असेल तर ती वाळू पुन्हा धुतल्याशिवाय वापरू नये. ओबीच्या वाळूत आणखी एक पाहायचे, ते काळे हलके कण. ते कोळशाचे. भारतीय मानकाने वाळूत कोळशाचे प्रमाण वजनाने एक टक्क्यापर्यंतच मान्य केले आहे, कारण हा कण मऊ असतो आणि काँक्रीटच्या पृष्ठभागावर डाग किंवा खड्डा सोडतो.

हिशेब

आता बेरीज-वजाबाकी करू. गोंडेगावचा प्रकल्प वर्षातले ३०० दिवस पूर्ण क्षमतेने चालला असे धरले तर साडेसात लाख घनमीटर वाळू मिळेल. ओबीत सुमारे ६० टक्के वालुकाश्म असतो असे सांगितले जाते. म्हणजे त्यासाठी साडेबारा लाख घनमीटर ओबी लागेल. वेकोलि मात्र वर्षाला २० कोटी घनमीटरहून अधिक ओबी उकरते. शंभरातला एक भागही या वाटेने खपत नाही. तेव्हा वाळूमुळे ढीग नाहीसे होतील, हा समज सोडून द्यावा. नदीचे ओझे हलके होते, ढिगाचे फारसे नाही.

शिवाय साडेबारा लाखांतून साडेसात लाख गेले की पाच लाख घनमीटर उरतात. दहा मीटर उंच रचले तर ते पाच हेक्टर, म्हणजे साडेबारा एकर जागा व्यापतील. यातला दगड आणि जाड चुरा भरावाला जाईल, पण धुण्यातून निघालेला गाळ पाण्यासकट असतो. कोरड्या ढिगाचा प्रश्न सोडवताना आपण ओल्या गाळाचा तलाव तयार करतो, आणि ओला गाळ कोरड्या दगडापेक्षा अवघड. ब्राझीलमध्ये ब्रुमाडिन्यो येथे २५ जानेवारी २०१९ रोजी लोहखनिजाच्या गाळाचा बांध फुटला आणि २७० माणसे गेली. गोंडेगावचा गाळ त्या प्रमाणाचा नाही. पण तत्त्व तेच. म्हणून पाणी फिरवून पुन्हा वापरणे, गाळ घट्ट करणे आणि तो उंच बांधामागे न साठवता बंद खड्ड्यात भरणे, हे वाळूइतकेच महत्त्वाचे काम आहे.

सरकारी निवेदनात या वाळूचा उत्पादन खर्च घनमीटरला सुमारे १६० रुपये सांगितला आहे. तो इतका कमी का, हेही समजून घ्यावे. दगड उकरण्याचा खर्च कोळशावर आधीच पडलेला असतो. आणि ही किंमत खाणीच्या फाटकाशी आहे. वाळू जड आणि स्वस्त माल. तिची खरी किंमत ट्रकचे चाक ठरवते. नागपूरहून चारशेहून अधिक किलोमीटर ओलांडून ती धरणगावला परवडणार नाही.

मग आपल्याला यातून काय मिळते? ओबीची वाळू आपल्या वाट्याला येणार नाही, कारण आपल्या जमिनीत कामठीचा थर नाही. आपल्याकडे आहे तो काळा दगड आणि त्याची खडी फोडताना पडणारा चुरा. हाच चुरा नीट फोडून, चाळून, गाळ काढला तर बांधकामाची वाळू होतो आणि वरची बाटलीची परीक्षा त्यालाही तशीच लागू पडते. गिरणेच्या पात्रावरचा भार त्याने कमी होईल. पण खदानीचा खड्डा आणि धुण्याचा गाळ कुठे जाणार, हे परवानगी देतानाच लिहून घ्यायला हवे. विदर्भात हा प्रश्न ढीग उभे राहिल्यावर विचारला गेला. आपल्याकडे तो अजून आधी विचारता येईल.