एकाच कंपनीत २० वर्षं काढलीत? बायोडेटात प्रगती अशी दाखवा

२०२२ मध्ये प्रतीक्षा तोंडवळकर यांची बातमी तुम्हीही शेअर केली असेल. ऐन विशीत पतीचं निधन झाल्यावर त्या मुंबईत स्टेट बँकेत अर्धवेळ सफाई कामगार म्हणून लागल्या. पगार महिन्याला साधारण ६०-६५ रुपये. नोकरी सांभाळून दहावी केली, मग विक्रोळीच्या रात्र महाविद्यालयात शिकल्या, १९९५ मध्ये पदवी घेतली. संदेशवाहक झाल्या, मग क्लार्क. २००४ मध्ये ट्रेनी ऑफिसर आणि २०२२ मध्ये त्याच बँकेत असिस्टंट जनरल मॅनेजर.

ही बातमी वाचून 'बाई एकाच जागी अडकल्या' असं कुणी म्हटलं नाही. कारण बातमीत '३७ वर्षं सेवा' एवढंच नव्हतं. प्रत्येक पायरी, ती चढण्यासाठी काय केलं आणि त्यानंतर काम कसं बदललं, हे त्यात होतं.

आता तुमचा किंवा घरातल्या कुणाचा बायोडेटा उघडून बघा. तिथे बहुतेक वेळा कंपनीचं नाव, '२००४ ते आजपर्यंत', सध्याचं पद आणि खाली कामांची लांबलचक यादी असते. वाचणाऱ्याला वाटतं, हा माणूस २० वर्षं हेच करतोय.

उदाहरण घेऊन बघू

समजा, घाटकोपरला राहणारे एक गृहस्थ आहेत. (उदाहरण काल्पनिक आहे.) २००४ पासून ते अंधेरी एमआयडीसीतल्या एका कंपनीत आहेत. आज ते पर्चेस मॅनेजर आहेत आणि दुसरीकडे अर्ज करायचा आहे. सध्या त्यांच्या बायोडेटात लिहिलंय: 'पर्चेस विभागात २० वर्षांचा अनुभव, कंपनीशी एकनिष्ठ, सर्व जबाबदाऱ्या यशस्वीपणे पार पाडल्या.'

यातला एक शब्दही खोटा नाही, पण यातून कळत काहीच नाही. म्हणून त्यांच्याशी बोलून प्रत्येक टप्प्याला तीनच प्रश्न विचारायचे. हे पद कसं मिळालं? आधी जे ठरवायचा अधिकार नव्हता, ते इथे काय ठरवायला लागलात? कामाचा आवाका किती वाढला?

उत्तरं आली की कंपनीचं नाव आणि एकूण कालावधी एकदाच वर लिहायचा. त्याखाली पदं, नवीन आधी, प्रत्येकासमोर त्याची वर्षं:

- पर्चेस मॅनेजर, २०१७ पासून: ५ जणांची टीम. वार्षिक दर-करार स्वतः ठरवतो. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये परराज्यातला कच्चा माल अडकला, तेव्हा भिवंडी आणि वसईत ३ पर्यायी पुरवठादार उभे केले.
- असिस्टंट मॅनेजर, २०१३ ते २०१७: अंतर्गत मुलाखतीतून निवड. ठरावीक रकमेपर्यंतच्या ऑर्डरवर सहीचा अधिकार. जुलै २०१७ मध्ये जीएसटी लागू होण्याआधी ४० पुरवठादारांची नोंदणी तपासून घेतली.
- पर्चेस एक्झिक्युटिव्ह, २००८ ते २०१३: स्टोअरमधून पर्चेसमध्ये बदली मागून घेतली. कोटेशन मागवणं, दरांची तुलना.
- स्टोअर असिस्टंट, २००४ ते २००८: मालाची आवक-जावक, वहीतला साठा कॉम्प्युटरवर आणला.

माणूस तोच आणि कंपनीही तीच. पण आता वाचणाऱ्याला दिसतं की माल मोजणारा माणूस माल कुणाकडून घ्यायचा हे ठरवू लागला. 'एकनिष्ठ' हा शब्द गेला, तरी त्याची उणीव भासत नाही. वरच्या दोन पदांना जास्त ओळी आणि सर्वात जुन्याला एकच, हेही लक्षात घ्या. पहिल्या नोकरीचा उपयोग सुरुवात कुठून झाली हे कळण्यापुरता.

प्रत्येक बढती म्हणजे प्रगती का?

नाही. काही ठिकाणी ठरावीक वर्षं भरली की आपोआप वरचा ग्रेड मिळतो. पद बदलतं, टेबल आणि काम तेच राहतं. अशा दोन-तीन बढत्या एकाच नोंदीत घाला, नाहीतर मुलाखतीत 'मग वेगळं काय केलं?' या प्रश्नावर अडचण होते. परीक्षा किंवा निवड प्रक्रियेतून मिळालेली बढती मात्र तशी लिहाच.

उलट, बढती नसलेली बदलीही प्रगती असू शकते. आपल्या गृहस्थांचा पगार स्टोअरमधून पर्चेसमध्ये जाताना वाढलाच नसेल, पण पुढचं सगळं त्या बदलीमुळे शक्य झालं. 'बदली झाली' आणि 'बदली मागून घेतली' यातला फरक मोठा आहे. जे खरं असेल तेच लिहा.

आणि आठ-दहा वर्षं पद बदललंच नसेल तर? तर त्या काळाचे कामानुसार दोन भाग करा. नवी शाखा, नवी सिस्टीम, मोठी टीम असं काही ज्या वर्षी आलं, तिथे रेघ मारा. पद मात्र दोन्हीकडे एकच ठेवा.

पदाचं नाव बदलून लिहावं का?

मोह होतो, कारण पदनामं बाहेर कळत नाहीत. स्टेट बँकेत 'मॅनेजर' हा तिसऱ्या स्केलचा अधिकारी असतो आणि असिस्टंट जनरल मॅनेजर पाचव्या स्केलचा. 'असिस्टंट' शब्द असलेलं पद वरचं आहे, हे बाहेरच्याला कसं कळणार?

तरीही नाव बदलू नका. नवी कंपनी पडताळणी करते तेव्हा जुन्या एचआरकडून पद आणि तारखा तपासते. पत्रावरचं पद जसंच्या तसं लिहा आणि पुढे कंसात साध्या शब्दांत काम सांगा. उदाहरणार्थ, 'ऑफिसर, ग्रेड २ (मुलुंड शाखेत कर्ज मंजुरी)'. बढतीची आणि बदलीची जुनी पत्रं आताच शोधून ठेवा. तारखा आठवणीवर लिहिल्या की हमखास चुकतात.

लिंक्डइनवर काय करायचं?

प्रत्येक पद वेगळं भरा, पण कंपनीचं नाव दर वेळी सुचवलेल्या यादीतून तेच निवडा. मग सगळी पदं एकाच नावाखाली एकत्र दिसतात. एकदा 'प्रा. लि.' आणि एकदा नुसतं नाव टाईप केलं, तर चार वेगळ्या कंपन्या बदलल्यासारखं दिसू शकतं. जुनी पदं भरताना Notify network बंद ठेवा, नाहीतर २००८ च्या बढतीबद्दल आज अभिनंदनं येतील.

'इतकी वर्षं तिथेच का?'

हा प्रश्न येणारच. 'कंपनी घरासारखी होती' या उत्तरातून जिव्हाळा कळतो, प्रगती नाही. गृहस्थांचं उत्तर असं असू शकतं: "दर चार-पाच वर्षांनी मला तिथेच नवं काम मिळत गेलं. स्टोअर, मग दर ठरवणं, मग टीम. आता पुढची पायरी अनेक कारखान्यांची खरेदी एकत्र बघण्याची आहे. आमचा कारखाना एकच आहे, म्हणून बाहेर बघतोय."

या उत्तरात थांबण्याचं कारण आहे आणि निघण्याचंही. दुसरं कारण सापडत नसेल, तर अर्ज पाठवण्याआधी ते शोधा. मुलाखत घेणाऱ्याला खरं तर तेच ऐकायचं असतं.