नवाच्या मोजणीची कुळकथा

शेअर-बाजाराच्या आलेखावर लांबलेल्या तेजीच्या माथ्याशी जो नवाचा आकडा मांडलेला दिसतो, तो टॉम डीमार्क या अमेरिकन विश्लेषकाने १९७० च्या दशकात बांधलेल्या आणि १९९४ च्या आपल्या ग्रंथात तपशीलवार मांडलेल्या ‘टीडी सिक्वेन्शियल’ पद्धतीचा पहिला टप्पा होय. मोठ्या निधीचे भांडवल हाताळणाऱ्याला आपला माल तेजी ओसरल्यावर विकता येत नाही, कारण तेव्हा गिऱ्हाईकच उरलेले नसते. घेणारे हजर आहेत तोवरच त्याला विक्री उरकावी लागते, आणि म्हणून कल उलटण्यापूर्वीच त्याची चाहूल देणारा हिशेब त्याला हवा असतो.

हिशेब साधा आहे. प्रत्येक दिवसाचा बंद भाव चार दिवसांपूर्वीच्या बंद भावाशी ताडून पाहावयाचा आणि तो सलग नऊ दिवस वरचढ राहिला, की तेजी थकली असे अनुमान करावयाचे. समजा, भाव १००, ९९, ९८, ९७, ९६ असा उतरत आला आणि सहाव्या दिवशी १०० वर बंद झाला. तो दुसऱ्या दिवसाच्या ९९ हून अधिक असल्याने मोजणीचा ‘एक’ तेथे पडतो. पुढे १०१, १०२, १०३, १०४ असा चढत गेलेला भाव अकराव्या दिवशी १०३ वर घसरला, तरी त्याची तुलना सातव्या दिवसाच्या १०१ शी असल्यामुळे मोजणी तुटत नाही, उलट ‘सहा’ पडतो. आणि मग १०५, १०६, १०७ या भावांवर नऊ पुरे होतात. तो अकरावा दिवस १०१ वर वा त्याखाली बंद झाला असता, तर मात्र सारी मोजणी रद्द झाली असती.

याच उदाहरणात पद्धतीची मर्यादाही दडलेली आहे. एका दिवसाची घसरण आदल्या तीन दिवसांच्या एकूण चढाइतकी किंवा त्याहून मोठी असेल, तरच साखळी तुटते. म्हणजे तेजी जितकी वेगवान, तितकी ती तुटणे दुर्घट. माझ्या मते नऊचा आकडा प्रत्यक्षात मोजतो तो कलाचा जोर, आणि थकवा हे त्यावरून बांधलेले अनुमान आहे. रेंगाळणाऱ्या बाजारात ते पुष्कळदा खरे ठरते, परंतु प्रबळ तेजीत नवानंतर एक-दोन दिवस भाव थबकतो आणि पुन्हा वर निघतो. वरच्या उदाहरणात भाव रोज एकेक रुपयाने चढत १३० ला पोहोचला, तर १०७ वर विकून मंदी करणाऱ्याला एकही दिवस अट मोडलेली दिसणार नाही.

डीमार्कने हे जाणूनच नवापुढे तेरांची स्वतंत्र मोजणी जोडली, जिच्यात दिवस सलग असण्याची सक्ती नाही. शिवाय आधीच्या उतरत्या नऊ दिवसांतील सर्वोच्च भाव ही त्याने सीमा धरली: चढती मोजणी चालू असता बंद भाव त्या सीमेपलीकडे गेला, तर नऊ पुरे झाले म्हणून कलाविरुद्ध सौदा करावयाचा नाही, तेरांची वाट पाहावयाची. ती सीमा न ओलांडता पुरे झालेले नऊच थकव्याचा पुरावा म्हणून विचारात घेण्यासारखे असतात.