‘पुढील साहाय्य बंद’: अनुदान थांबवणारं पत्र कसं वाचायचं?

कापार्ट ही केंद्राच्या ग्रामविकास मंत्रालयाखालची संस्था १९८६ मध्ये सुरू झाली आणि २०२० मध्ये दुसऱ्या संस्थेत विलीन झाली. गावात काम करणाऱ्या स्वयंसेवी संस्थांना ती पैसे द्यायची. अहवाल वेळेवर आले नाहीत की तिच्याकडून पत्र जायचं: पुढील साहाय्य बंद. प्रकरण गंभीर असेल तर थेट काळी यादी.

हे पत्र पाहिलं की आपण लगेच म्हणतो, पैसे खाल्ले. जरा थांबा. अनुदान हप्त्यांनी येतं, तिथून सुरुवात करू. समजा, २००८-०९ मध्ये विहिरींसाठी ४ लाख मंजूर झाले आणि २ लाखांचा पहिला हप्ता मिळाला. पुढच्या हप्त्यासाठी प्रगती अहवाल, सीएने तपासलेला हिशेब आणि उपयोगिता प्रमाणपत्र लागतं. केंद्राच्या २००५ च्या वित्तीय नियमांनुसार हे प्रमाणपत्र आर्थिक वर्ष संपल्यापासून बारा महिन्यांत, म्हणजे इथे ३१ मार्च २०१० पर्यंत, द्यायचं. नाहीतर खातं त्या संस्थेला काळ्या यादीत टाकू शकतं.

आता गंमत बघा. दोन विहिरी खरंच खणल्या, पण मजुरीच्या पावत्या नाहीत, म्हणून सीए सही करत नाही. सही नाही म्हणून प्रमाणपत्र नाही, प्रमाणपत्र नाही म्हणून दुसरा हप्ता नाही, आणि काम अर्धवट. दुसऱ्या संस्थेने एकही विहीर खणली नाही आणि पैसे उडवले. फाइलमध्ये दोघींची जागा सारखीच रिकामी दिसते, आणि पत्रही दोघींना सारखंच जातं.

मग फरक कसा ओळखायचा? आधी पत्राच्या वरचा ‘संदर्भ’ वाचा. तिथे आधीच्या स्मरणपत्रांच्या तारखा असतात. मुदत २०१० ला संपली आणि पहिलं स्मरणपत्र २०१४ चं असेल, तर झोपलेली फक्त संस्था नव्हती. चार वर्षांनी पावत्या शोधायच्या कुठे, आणि तेव्हाचा हिशेबनीस तरी संस्थेत उरलाय का? नंतर संस्थेचं उत्तर शोधा. अपुरा का होईना, हिशेब पाठवलेला असेल तर प्रकरण वेगळं. शेवटी पाहणी अहवाल बघा, कारण विहीर आहे की नाही हे सांगणारा कागद बहुधा तोच असतो.

जानेवारी २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की हिशेब न देणाऱ्या संस्थांना नुसतं काळ्या यादीत टाकून भागणार नाही, पैसे वसूल करा, गरज पडली तर फौजदारी कारवाई करा. सरकारी खात्यांना स्वतःच्याच २००५ च्या नियमांची जाण नाही, यावरही कोर्टाने बोट ठेवलं.

म्हणून हे पत्र पुरावा आहे तो कागद न आल्याचा. पैशांचं काय झालं, हे त्यात लिहिलेलं नसतं. ते वेगळं शोधावं लागतं, शक्यतो विहिरीच्या काठावर जाऊन.